आपलं कार्टून पात्र मालावर छापायला देताना: मालकी न सोडता परवाना कसा द्यायचा

यूट्यूबवर अहिराणी पात्र थोडं चाललं की एक फोन हमखास येतो. "भाऊ, तुमचं ते वांगं आमच्या मालावर टाकू का? तुमचंही नाव होईल." समोरचा माणूस बहुधा सरळ असतो आणि माल खरंच बनवणारा असतो. पण त्याला "हो, टाका" एवढं फोनवर सांगितलं, तर पुढे काय काय आपल्या हातातून निसटू शकतं, हे आपल्याकडे कोणी समजावून सांगत नाही. आम्ही या सगळ्यातून गेलो आहोत, म्हणून क्रमाने लिहितो.

आमचं पात्र म्हणजे भरत्या. भरिताच्या वांग्याचं पोर, पोपटी अंग, त्यावर पांढरे पट्टे, डोक्यावर देठाची टोपी. त्याचा पहिला परवाना गेला तो जळगावच्या एका चटई कारखान्याला, लहान मुलांच्या प्लास्टिक चटईसाठी. या लेखात सगळीकडे तेच उदाहरण घेतलं आहे. वही, डबा, टी-शर्ट किंवा वेफर्सचं पाकीट असलं तरी पायऱ्या याच राहतात. आकडे हिशेब समजावा म्हणून सोपे धरले आहेत.

1. पात्र खरोखर तुमचं आहे का, ते आधी कागदावर आणा

कल्पना तुमची, आवाज तुमचा, चॅनल तुमचं. पण पहिलं चित्र भुसावळच्या एखाद्या चित्रकार मित्राने पैसे घेऊन काढून दिलं असेल, तर कायद्याच्या नजरेत त्या चित्राचा पहिला मालक बहुधा तोच ठरतो. कॉपीराइट कायदा 1957 मध्ये नोकरीवर असलेल्या माणसाच्या कामाचा मालक नोकरी देणारा असतो. बाहेरून काम करून देणाऱ्याला हा नियम सरसकट लागत नाही. "मी पैसे दिले होते" हा पुरावा पुरेसा नाही.

त्यामुळे चित्रकाराकडून हस्तांतरणपत्र लिहून घ्या. त्यात कोणती चित्रं ते चित्रांच्या छापील प्रतींसकट, कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात, हे सगळं यायला हवं, आणि त्याची सही हवी. काळ लिहायचा राहिला तर कायदा 5 वर्षं धरतो. प्रदेश लिहायचा राहिला तर फक्त भारत धरला जातो. म्हणून "कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, जगभर" हे शब्द स्पष्ट घाला. चित्रकाराचं श्रेय मात्र त्याच्याकडेच राहतं, ते विकत घेता येत नाही. त्याचं नाव देत चला, त्यात आपलं काही जात नाही.

आवाज देणाऱ्याकडूनही लिहून घ्या. व्हिडिओसाठी दिलेला आवाज उद्या बटण दाबल्यावर बोलणाऱ्या खेळण्यात घालायचा असेल, तर ती वेगळी परवानगी आहे. आणि दोन भावांनी मिळून पात्र केलं असेल तर परवान्यावर दोघांच्याही सह्या लागतील, हे आधीच ठरवून ठेवा.

2. नोंदणी: तीन वेगवेगळ्या गोष्टी, तीन वेगवेगळी कामं

इथे नव्या माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा सावकाश.

*चित्राचा कॉपीराइट.* तो चित्र काढलं तेव्हाच मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. पण नोंदणीचा दाखला कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा म्हणून चालतो. अर्ज copyright.gov.in वर होतो. नुसत्या चित्राची फी 500 रुपये आहे. तेच चित्र मालावर वापरायचं असेल तर फी 2000 रुपये, आणि सोबत ट्रेडमार्क कार्यालयाचा शोध-दाखला जोडावा लागतो. आपलं काम दुसऱ्या प्रकारात मोडतं. स्वस्त पडतं म्हणून पहिल्यात अर्ज टाकू नका.

*नाव आणि ओळखीचा चेहरा, म्हणजे ट्रेडमार्क.* कॉपीराइट 'भरत्या' या नावाला संरक्षण देत नाही, 'मी भरत्या शे!' या ओळीलाही नाही. त्यासाठी ट्रेडमार्क लागतो आणि तो वर्गवार असतो: चटईला वर्ग 27, वह्यांना 16, कपड्यांना 25, खेळण्यांना 28, करमणुकीला 41. व्यक्ती किंवा उद्यम नोंदणी असलेला छोटा उद्योग असेल तर ऑनलाइन अर्जाला दर वर्गी 4500 रुपये पडतात. सगळे वर्ग एकदम घ्यायची गरज नाही. 41 आणि ज्या मालाचा परवाना पहिल्यांदा देणार तो, एवढ्यावर सुरुवात होते.

उशीर केला तर काय होतं, याचं उदाहरण दिल्ली उच्च न्यायालयाच्या 2010 च्या निकालात आहे. नॉडी या प्रसिद्ध इंग्रजी पात्राच्या कंपनीने मुलांचे कपडे करणाऱ्या एका भारतीय व्यापाऱ्यावर दावा केला. व्यापारी ते नाव इथे आधीपासून वापरत होता, आणि त्याच्याआधी भारतात आपला वापर व नावलौकिक होता हे कंपनीला सिद्ध करता आलं नाही. दावा गेला. म्हणून पहिल्या एपिसोडची तारीख, जत्रेत लावलेल्या स्टॉलचे फोटो, पहिली बिलं, हे सगळं एका फायलीत ठेवत चला.

*मालावरची नक्षी, म्हणजे डिझाइन.* हा भाग कोणीच सांगत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम 15(2) प्रमाणे, डिझाइन म्हणून नोंदता येण्यासारखी नक्षी नोंदवली नाही आणि ती यंत्रावर 50 पेक्षा जास्त नगांवर उतरली, तर त्या नक्षीवरचा कॉपीराइट संपतो. माल तुम्ही काढला की तुमच्या परवानगीने दुसऱ्याने काढला, याने फरक पडत नाही. चटईची 51 वी प्रत पहिल्याच दिवशी निघते! भरत्याचं मूळ चित्र तुमचंच राहतं, पण चटईसाठी केलेली मांडणी, म्हणजे मधे चेहरा, कडेला केळीच्या पानांची किनार, ही कोणीही उचलू शकतो आणि तुम्ही वाद घालत बसता.

उपाय सोपा आहे. चटईची ती मांडणी डिझाइन म्हणून नोंदवा. चटया-गालिच्यांचा वर्ग 06-11, व्यक्तीसाठी फी 1000 रुपये, संरक्षण 10 वर्षं आणि पुढे 5 वर्षं वाढवून मिळतं. दोन अटी पाळायच्या. अर्ज माल कोणाला दाखवण्याआधी गेला पाहिजे, कारण आधी प्रसिद्ध झालेलं डिझाइन नवं धरत नाहीत. व्हॉट्सअॅप स्टेटसवर नमुन्याचा फोटो टाकण्याचा मोह आवरा. पात्र यूट्यूबवर आधीच दिसलेलं असतं, म्हणून नोंदवायची ती चटईसाठी नव्याने केलेली मांडणी असली पाहिजे, नुसता चेहरा नव्हे. दुसरी अट अशी की अर्ज तुमच्या नावावर हवा. "आम्ही करून घेतो भाऊ, तुम्ही कशाला धावपळ करता" असं कारखान्याकडून प्रेमाने म्हटलं जातं. त्या प्रेमाला नम्रपणे नाही म्हणा.

3. पात्राची वही तयार करा

याला धंद्यात स्टाइल गाइड म्हणतात. आठ-दहा पानांची पीडीएफ पुरते. त्यात पात्र समोरून, बाजूने, मागून. चेहऱ्याचे चार-पाच भाव. डोकं आणि अंगाचं प्रमाण. सर्वात लहान कोणत्या आकारात छापायचं. आणि काय करायचं नाही, याची चित्रं असावीत.

रंगाचं पान सर्वात महत्त्वाचं. मोबाइलच्या पडद्यावर दिसणारा पोपटी रंग छपाईच्या चार शाईंत तसाच येत नाही, बराच मंद होतो. म्हणून छपाईसाठीचे शाईचे टक्के आणि पँटोन क्रमांक दोन्ही द्या. आमच्या वहीत एक ओळ ठळक आहे: पट्टे पांढरेच राहतील, पिवळसर चालणार नाहीत. पट्टे पिवळे पडले की वांगं पिकून गेल्यासारखं दिसतं आणि पोरं ओळखत नाहीत.

4. काय द्यायचं आणि कितीला

परवाना जितका अरुंद तितका चांगला. "भरत्याचे मर्चंडाइज हक्क" असं कधीही देऊ नका. आमच्या करारातली व्याप्ती अशी होती: लहान मुलांची विणलेली प्लास्टिक चटई, दोनच ठरलेले आकार, महाराष्ट्रात विक्री, 2 वर्षं, चटई या एकाच मालापुरता एकमेव परवाना. दुसऱ्या चटईवाल्याला आम्ही देणार नाही, पण उशी, चादर, वही, सगळं आमच्याकडे मोकळं.

रॉयल्टी कशावर मोजायची, हा टक्क्यापेक्षा मोठा प्रश्न आहे. नफ्यावर मान्य करू नका. नफा हा कारखान्याच्या वहीतला आकडा आहे आणि तो शून्यही निघतो. ठोक विक्रीच्या बिलावर मोजा. समजा चटई व्यापाऱ्याला 150 रुपयांना जाते आणि रॉयल्टी 6 टक्के. एका नगामागे 9 रुपये. 5,000 चटया गेल्या तर 45,000. बिलातून वजा काय होणार तेही लिहा: जीएसटी आणि खरोखर परत आलेला माल, बस. भाडं, दलाली, दिवाळीची सूट वजा होणार नाही.

किमान हमी लावून घ्या. आमच्या उदाहरणात वर्षाला 36,000, त्यातले 18,000 सहीच्या दिवशी आगाऊ. चटया 5,000 गेल्या तर आगाऊ वजा जाऊन 27,000 मिळतात. फक्त 3,000 गेल्या तर रॉयल्टी 27,000 होते, पण कारखान्याने 36,000 पर्यंतची 9,000 ची तूट भरायची. हमी नसेल तर परवाना घेऊन कपाटात ठेवणारे भेटतात, आणि एकमेव परवाना असेल तर तुमचे हात दोन वर्षं बांधलेले.

अजून एक सापळा आहे. कारखाना स्वतःच्याच घरातल्या दुसऱ्या फर्मला 90 रुपयांत बिल करतो आणि ती फर्म बाजारात 150 ला विकते. करारात लिहा की संबंधित फर्मला विकलं तर रॉयल्टी बाहेरच्या व्यापाऱ्याच्या भावावर मोजली जाईल.

कराबद्दल थोडक्यात. एका देणाऱ्याकडून वर्षाची रॉयल्टी 50,000 च्या वर गेली की 10 टक्के टीडीएस कापला जातो, पॅन दिला नसेल तर 20. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर रॉयल्टीच्या बिलावर 18 टक्के लावायचा. सेवांची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणी लागत नाही.

5. करार

परवाना लेखी असावा लागतो, तोंडी शब्दाला अर्थ नाही. मुद्रांक किमान 500 रुपयांचा. हमीची रक्कम मोठी असेल तर जास्त लागू शकतो, वकिलाला विचारून घ्या. सोबत हे कागद लागतील:

- चित्रकार आणि आवाज देणाऱ्याची हस्तांतरणपत्रं
- कॉपीराइट, ट्रेडमार्क, डिझाइन यांचे दाखले किंवा अर्जाच्या पावत्या
- स्टाइल गाइड, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या
- दोन्ही बाजूंचे पॅन, कारखान्याचा जीएसटी क्रमांक आणि उद्यम दाखला
- मालाचं वर्णन आणि आकार, वेगळ्या परिशिष्टात

मालकीचं कलम एका वाक्यात संपवू नका. पात्र आमचं, एवढं लिहून भागत नाही. या मालासाठी तयार होणारं प्रत्येक नवं चित्र, विणीचा आलेख, साचा, फाइल, मग ते काम कारखान्याच्या डिझायनरने का केलं असेना, सगळं आमचं आणि कारखाना ते याच करारान्वये हस्तांतरित करतो, असं लिहा. कारखान्याने पात्राच्या नावाने ट्रेडमार्क, डिझाइन, वेबसाइट काहीही नोंदवायचं नाही. परवाना तिसऱ्याला देता येणार नाही. बाहेरून काम करून घ्यायचं असेल तर आमची लेखी संमती हवी.

6. नमुना मंजूर करणं, खरं काम इथे आहे

ट्रेडमार्क दुसऱ्याला वापरायला दिला आणि दर्जावर लक्ष ठेवलं नाही, तर त्या चिन्हावरचा आपला दावाच कमकुवत होतो. त्यामुळे नमुना पाहणं ही हौस नव्हे.

चटईचं विणकाम म्हणजे छपाई नाही. चटई प्लास्टिकच्या बारीक नळ्यांची विणतात, त्यामुळे ज्या रंगाची नळी यंत्रावर आहे तेवढेच रंग मिळतात, आणि गोल रेष पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. बारीक रेषेचं हसू चटईवर करवतीच्या दातांसारखं दिसतं. म्हणून छापील चित्र तसंच देऊ नका. चटईसाठी वेगळं चित्र करा: चेहरा मोठा, तीन रंग, बारीक बाह्यरेषा नाही, डोळे ठसठशीत.

उलटी बाजू विसरू नका. दोन रंगांच्या विणीत मागच्या बाजूला रंगांची अदलाबदल होते. पोपटी चेहरा पांढरा आणि डोळ्यांचा गडद भाग फिका. लहान मूल ती बाजू वर करून बसतंच. आम्ही डोळ्यांभोवती गडद वर्तुळ वाढवलं, तेव्हा दोन्ही बाजूंनी चेहरा चेहऱ्यासारखा राहिला. अक्षरं तर मागून आरशातल्यासारखी उलटी दिसतात. शिवाय आपल्याकडे अक्षरावर पाय ठेवलेला कोणाला आवडत नाही. कानबाईच्या रोटांच्या वेळी तीच चटई घरात अंथरली जाणार, याचा विचार करा. म्हणून नाव विणायचंच नाही, कडेला शिवलेल्या लेबलवर घ्यायचं. हे तुम्ही सांगितलं नाही तर कारखाना नाव मोठ्या अक्षरात मधोमध विणून आणेल, कारण त्याच्या हिशेबी नावावरच माल खपतो.

मंजुरी चार टप्प्यांत घ्या. पहिला टप्पा विणीचा आलेख, कागदावर. दुसरा नळ्यांचे रंग, प्रत्यक्ष तुकडे हातात घेऊन. मोबाइलवरच्या फोटोवर रंग मंजूर करू नका. तिसरा यंत्रावरून उतरलेला पहिला नग. चौथा चालू उत्पादनातून तुम्ही स्वतः उचललेले तीन नग, कारखान्याने निवडून दिलेले नव्हेत.

पहिल्या नगावर घरीच करता येणाऱ्या दोन चाचण्या आहेत. ओलं पांढरं फडकं जोराने घासा, रंग उतरला तर नापास. मग चटईचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून गच्चीवर उन्हात पंधरा दिवस ठेवा. जळगावचं एप्रिल-मेचं ऊन या कामाला उत्तम. पुठ्ठा काढल्यावर दोन भागांत स्पष्ट फरक दिसला, तर नळीतला रंग ऊन सोसणारा नाही. कडेची कापडी पट्टीही ओढून पाहा, शिवण सुटली तर टोकदार नळ्या बाहेर येतात आणि पोराच्या बोटाला लागतात.

मंजूर झालेले दोन नग दोघांच्या सह्या करून सीलबंद ठेवा, एक तुमच्याकडे, एक कारखान्यात. पुढचा प्रत्येक वाद त्या नगाशी ताडून मिटतो.

करारात मुदत लिहा: नमुना मिळाल्यापासून 10 कामाच्या दिवसांत उत्तर देऊ, आणि उत्तर नाही याचा अर्थ मंजुरी नाही. कारखान्याच्या वकिलाने आणलेल्या मसुद्यात हे बहुधा उलटं असतं, म्हणजे गप्प राहिलात तर मंजूर. ती ओळ शोधून बदला. दहा दिवस स्वतःही पाळा, कारण यंत्र थांबलं की कारखान्याचं रोज नुकसान होतं.

नापास माल कुठे जातो, तेही विचारा. वाकड्या डोळ्यांच्या चटया सेकंड म्हणून आठवडे बाजारात अर्ध्या भावात जातात, आणि गिऱ्हाइकाला वाटतं भरत्या असाच असतो. आमच्या कराराप्रमाणे नापास नग लेबल काढून, चेहऱ्याचा भाग कापूनच बाहेर जातो.

खेळण्याचा परवाना देत असाल तर एक वेगळी अट आहे. 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. बनवणाऱ्याचा बीआयएस परवाना पाहिल्याशिवाय चित्र देऊ नका.

7. हिशेब

कारखान्याचं विवरण दर तिमाहीला मागा: किती नग बनले, किती गेले, कोणाला, कोणत्या भावाने, किती परत आले, किती शिल्लक. पण त्यावर विसंबू नका. आपल्याकडे चालणारा उपाय म्हणजे क्रमांक असलेली लेबलं. ती आपण छापून घ्यायची आणि मोजून द्यायची. 5,000 लेबलं दिली, 3,800 नगांची विक्री दाखवली, तर 1,200 लेबलं किंवा तेवढे लेबल लावलेले नग गोदामात दिसले पाहिजेत. बाजारात लेबल नसलेली चटई दिसली तर ती विकत घ्या आणि बिल जपा, नुसता फोटो पुरत नाही.

वर्षातून एकदा वह्या तपासण्याचा हक्क ठेवा, आणि तफावत 5 टक्क्यांवर निघाली तर तपासणीचा खर्च कारखान्याचा.

8. मालाखेरीज इतर वापर

दुकानाची जाहिरात, शाळेचं संमेलन, गणेश मंडळाचा मुखवटा, व्हॉट्सअॅपचे स्टिकर. यांना रॉयल्टी मोजत बसू नका, ठरावीक काळाची ठरावीक रक्कम घ्या. जाहिरातीत पात्र काय बोलणार याची संहिता आधी मंजूर करून घ्या. पात्राच्या तोंडी घातलेलं एखादं चुकीचं वाक्य चटईपेक्षा जास्त दूर जातं. निवडणुकीच्या फ्लेक्सला आम्ही कोणत्याच पक्षाला देत नाही, आणि हे करारात लिहून ठेवलं असल्यामुळे ओळखीतल्या माणसालाही नाही म्हणणं सोपं जातं. शाळांना फुकट दिलं तरी दोन ओळींचं पत्र द्या: कोणता कार्यक्रम, कोणती तारीख.

9. मुदत संपताना

शेवटच्या दिवशी गोदामात जाऊन दोघांनी मिळून तयार माल मोजायचा आणि यादीवर सह्या करायच्या. तेवढाच माल 90 दिवसांत विकायची मुभा द्या, त्यावरही रॉयल्टी चालू. त्या काळात नवं उत्पादन नाही. ही मोजणी झाली नाही तर यंत्र मुकाट्याने चालू राहतं आणि "जुनाच माल आहे" हे उत्तर वर्षभर ऐकावं लागतं. दर्जा बिघडल्यामुळे किंवा पैसे थकवल्यामुळे तुम्हीच करार तोडला असेल, तर ही 90 दिवसांची मुभाही नाही. विणीच्या फाइली, सीलबंद नग आणि उरलेली लेबलं क्रमांकासह परत घ्या, आणि परत मिळाल्याची पोच त्याच दिवशी द्या.